शेअर विकले नाहीत, तरी विकले गेले! मार्जिन ट्रेडिंग आणि मार्जिन कॉलचं गणित समजून घ्या

उसन्या पैशांवर घेतलेल्या शेअरमध्ये नफा आणि तोटा दोन्ही फुगतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण भाव परत वर येईपर्यंत थांबण्याची सोयही हातातून जाते, हे मार्जिन कॉल आल्यावरच कळतं.

४ जून २०२४, मंगळवार. लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. शिरोड्यातला माझा एक मित्र सकाळपासून टीव्हीसमोर बसला होता. आदल्या दिवशी बाजार बंद होता होता त्याने मोबाइलवरून स्टेट बँकेचे सुमारे दोन लाख रुपयांचे शेअर घेतले होते. त्याचे स्वतःचे पैसे होते फक्त ५० हजार. काजूच्या बियांचे आलेले हे पैसे धाकट्या बहिणीच्या कॉलेज प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले होते. बाकीचे दीड लाख त्याच्या ब्रोकरने दिले होते.

दुपारी गावात लाइट गेली आणि पाठोपाठ नेटवर्कही. संध्याकाळी फोन सुरू झाला तेव्हा दोन मेसेज एकापाठोपाठ आले. पहिला मार्जिन कमी पडल्याचा, दुसरा शेअर विकल्याचा. तो मला म्हणाला, "मी कायच इकूक नाय, तरी शेअर इकले गेले."

यात फसवणूक नव्हती. व्यवहार सुरू करताना त्याने मान्य केलेल्या अटींमध्ये हे सगळं लिहिलेलं होतं. त्या अटींमागचं गणित मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्जिन ट्रेडिंग म्हणजे नेमकं काय?

शेअर घेताना किमतीचा एक भाग तुम्ही भरता आणि उरलेली रक्कम ब्रोकर कर्जाऊ देतो. तुमच्या भागाला मार्जिन म्हणतात. ॲपवर हा पर्याय MTF या नावाने दिसतो. घेतलेले शेअर तुमच्या डीमॅट खात्यात येतात, पण ब्रोकरकडे तारण राहतात. त्यासाठी ओटीपी टाकून तुम्हीच मंजुरी देता. कर्जावर रोज व्याज चढतं, बाजार बंद असलेल्या शनिवार-रविवारीही.

मुंबईच्या बाजाराला हे नवीन नाही. पूर्वी दलाल स्ट्रीटवर 'बदला' पद्धत होती. बदल्याचा आकार भरून सौदा पुढच्या खेपेला ढकलता येत असे. ती २००१ मध्ये बंद झाली. २००४ मध्ये सेबीने ब्रोकरला ग्राहकाच्या खरेदीसाठी कर्ज देण्याची रीतसर परवानगी दिली आणि २०१७ मध्ये त्याचे नियम नव्याने आखले. कोणता शेअर यात घेता येतो आणि त्यावर किमान किती मार्जिन लागतं, हे नियमांनी ठरतं. ज्या शेअरचा भाव जास्त वरखाली होतो, त्याला मार्जिन जास्त.

नफा-तोटा कसा फुगतो?

मित्राचंच उदाहरण घेऊ. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत.

त्याचे ५० हजार, ब्रोकरचे दीड लाख, मिळून दोन लाखांचे शेअर. म्हणजे मार्जिन २५ टक्के. भाव १४ टक्के वाढला असता तर शेअरची किंमत २ लाख २८ हजार झाली असती. ब्रोकरचं कर्ज दीड लाखच राहिलं असतं, त्यामुळे वरचे २८ हजार सगळे मित्राचे. ५० हजारांवर ५६ टक्के नफा, तोही एका दिवसात! आदल्या सोमवारी हा शेअर एक्झिट पोलच्या जोरावर सुमारे ९ टक्के वर गेला होता. त्यामुळे त्याला असं वाटणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं.

मंगळवारी झालं उलटं. निफ्टी जवळपास ६ टक्के कोसळला आणि स्टेट बँकेचा शेअर सुमारे १४ टक्के. दोन लाखांच्या शेअरची किंमत १ लाख ७२ हजारांवर आली. कर्ज दीड लाखच. मित्राचे उरले २२ हजार. शेअर पडला १४ टक्के, त्याचे पैसे बुडाले ५६ टक्के.

भाव २५ टक्के पडला असता तर त्याचे ५० हजार पूर्ण संपले असते. त्याहून जास्त पडला असता तर शेअर विकूनही ब्रोकरचं देणं उरलं असतं.

मार्जिन कॉल का येतो?

मार्जिन ही खरेदीच्या दिवशी एकदा भरून मोकळं होण्याची गोष्ट नाही. कर्ज असेपर्यंत ते टिकवावं लागतं आणि रोजच्या भावाने तपासलं जातं. ब्रोकरचा प्रश्न एवढाच असतो, की आजच्या किमतीत ग्राहकाचा स्वतःचा वाटा पुरेसा आहे का?

मित्राच्या बाबतीत आजची किंमत १ लाख ७२ हजार. तिचे २५ टक्के म्हणजे ४३ हजार रुपये त्याचे असायला हवे होते. होते २२ हजार. तूट २१ हजारांची. ही तूट भरा, असा निरोप म्हणजे मार्जिन कॉल. तो एसएमएस, ईमेल किंवा ॲपवरून येतो. तूट भरायला किती वेळ मिळणार, हे ब्रोकरच्या धोरणावर असतं. भाव वेगाने पडत असेल तर वाट न पाहता विकण्याचा अधिकारही अनेक ब्रोकर अटींमध्ये राखून ठेवतात.

त्या दिवशी मित्राच्या खात्यात २१ हजार नव्हते. असते तरी नेटवर्क नव्हतं.

तूट २१ हजारांची, मग विक्री ८४ हजारांची कशी?

मित्राला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट हीच होती. २१ हजार कमी पडले, तर २१ हजारांचे शेअर विकायचे, असं त्याला वाटत होतं. पण शेअर विकून आलेले पैसे कर्जफेडीत जातात. त्याने मित्राचा वाटा वाढत नाही, तो २२ हजारच राहतो. फक्त कर्ज आणि शेअर दोन्ही कमी होतात. आता २२ हजार हा २५ टक्के वाटा व्हायचा असेल, तर एकूण शेअर ८८ हजारांचेच उरायला हवेत. म्हणजे १ लाख ७२ हजारांतून ८४ हजारांचे विकावे लागतात. जवळपास निम्मे, तेही दिवसाच्या पडलेल्या भावात.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. मार्जिनची टक्केवारी भावाच्या चढउतारावरून ठरत असल्यामुळे मोठ्या पडझडीनंतर ती वाढू शकते. तीच २५ वरून ३० टक्के झाली, तर मित्राची तूट २१ हजारांवरून २९,६०० वर जाते. म्हणजे नेमक्या पडत्या काळात जास्त पैसे मागितले जातात.

मग भाव वर आलाच की!

हो, आला. ४ जूनला निफ्टी २१,८८४ वर बंद झाला होता. तीनच दिवसांनी, ७ जूनला, तो २३,२९० वर होता. पडझडीच्या आदल्या दिवसापेक्षाही किंचित वर. ज्यांनी स्वतःच्या पैशांनी निफ्टीचा इंडेक्स फंड घेतला होता, त्यांना आठवडाअखेर काही घडलंच नसल्यासारखं वाटलं असेल.

मित्राचं तसं नाही. समजा, स्टेट बँकेचा भाव पूर्णपणे त्याच्या खरेदीच्या पातळीवर आला. त्याच्याकडे उरलेल्या ८८ हजारांच्या शेअरची किंमत सुमारे १ लाख २ हजार ३०० होते. उरलेलं कर्ज ६६ हजार वजा केलं की हातात ३६,३०० राहतात. शेअर होता तिथे परत आला, पण मित्राचे १३,७०० रुपये कायमचे गेले. स्वतःच्या ५० हजारांचेच शेअर घेतले असते, तर त्या मंगळवारी ७ हजारांचा कागदी तोटा दिसला असता आणि भाव परतल्यावर तो पुसला गेला असता.

प्रत्यक्षात निफ्टी तीन दिवसांत सावरला, पण स्टेट बँकेच्या शेअरला ३ जूनचा उच्चांक ओलांडायला वर्षाहून अधिक काळ लागला. समजा, मित्राने कुठून तरी पैसे आणून तूट भरली असती आणि शेअर वाचवले असते, तरी व्याजाचं मीटर चालू राहिलं असतं. व्याजाचे दर ब्रोकरनुसार वेगवेगळे आहेत. वर्षाला १५ टक्के धरले तर दीड लाखांवर वर्षाचं व्याज २२,५०० रुपये. हे व्याज कर्जाच्या १५ टक्के असलं, तरी मित्राच्या ५० हजारांच्या तुलनेत ४५ टक्के होतं. दोन लाखांचे शेअर वर्षभरात सव्वा अकरा टक्के वाढले, तर त्याची मेहनत शून्यावर सुटते.

म्हणजे शेअर लवकर सावरला तर तो तुमच्याकडे उरलेला नसतो आणि उशिरा सावरला तर व्याज खातं. शिरोड्यातल्या मिठागरवाल्याला अवकाळी पावसाची सर नवी नाही. पीक विरघळलं तर तो पुन्हा पाणी घेतो आणि उन्हाची वाट बघतो. शेअर बाजारात स्वतःच्या पैशांनी उतरलेल्यालाही तसंच थांबता येतं. मार्जिनवाल्याला किती थांबायचं ते दुसराच ठरवतो.

बटण दाबण्यापूर्वी काय तपासाल?

एक हिशेब कागदावर करता येतो. शेअर २० टक्के पडला असं धरा. पडलेल्या किमतीतून कर्ज वजा करा, म्हणजे तुमचा उरलेला वाटा कळेल. त्याच किमतीवर लागणारं मार्जिन काढा. दोन्हीतला फरक म्हणजे तुम्हाला येऊ शकणारा मार्जिन कॉल. मित्राच्या खरेदीवर हा आकडा ३० हजार येतो. एवढी रक्कम त्या दिवशी खात्यात रोख तयार असेल का? उत्तर 'नाही' असेल, तर खरेदी आपल्या ऐपतीपेक्षा मोठी आहे. आणि फीचे, औषधाचे, कर्जाच्या हप्त्याचे पैसे 'तयार रोख' म्हणून मोजायचे नाहीत.

नियामकाने काय करावं?

फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये दहापैकी नऊ व्यक्तींना तोटा होतो, ही सूचना ब्रोकरने ग्राहकाला लॉगिन करताना दाखवावी, असं सेबीने २०२३ मध्ये बंधनकारक केलं. मार्जिन ट्रेडिंगलाही तसाच, पण ग्राहकाच्या स्वतःच्या आकड्यांतला इशारा हवा. 'चारपट खरेदी करा' हे जितक्या ठळक अक्षरांत दिसतं, तितक्याच ठळक अक्षरांत तीन आकडे दिसावेत: वर्षाचं व्याज रुपयांत, भाव १० आणि २० टक्के पडल्यास भरावी लागणारी रक्कम आणि ती न भरल्यास किती रुपयांचे शेअर विकले जातील. हे तिन्ही आकडे ब्रोकरच्या संगणकाला क्षणात काढता येतात. मार्जिन कॉल पाठवताना तो हेच गणित करत असतो. मग खरेदीच्या आधी ते ग्राहकाला दाखवायला काय हरकत आहे?

मित्राने उरलेले शेअर त्याच आठवड्यात विकून कर्ज मिटवलं. बहिणीची फी त्याने एका नातेवाइकाकडून उसने घेऊन भरली. ते फेडायला त्याला पुढचा काजूचा हंगाम लागला.