जाहीरनाम्यातील पळवाट

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने सुमारे पावणेसहा हजार नळकांड्यांची तोंडे उघडून दीडशे टन क्लोरीन वाऱ्यावर सोडला. याला केवळ क्रौर्य म्हणून भागणार नाही; त्यामागचे अर्थकारणही पाहिले पाहिजे. खंदकांमुळे युद्ध जागीच थिजले होते. ब्रिटिश नाकेबंदीने चिलीचा सोरा अडविल्यामुळे तोफगोळ्यांची टंचाई होती. क्लोरीन मात्र जर्मनीच्या रंग-रसायनांच्या कारखान्यांत मुबलक होता. शिवाय १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने निषिद्ध ठरविले होते ते विषारी वायू पसरविणारे गोळे. नळकांड्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते!

क्लोरीनवर उतारा लवकर सापडला. हायपो व सोडा यांच्या द्रावणात भिजविलेली कापसाची पट्टी नाकातोंडावर बांधली की तो बराच निष्प्रभ होई. फॉस्जीनपुढे ती अपुरी ठरली, तेव्हा १९१६ मध्ये कोळशाची पेटी जोडलेला मुखवटा आला. परंतु जुलै १९१७ पासूनचा मस्टर्ड वायू कातडीच भाजू लागला. मुखवटा घातलेला सैनिकही अंगभर फोड येऊन निकामी होई.

१९२५ च्या जिनिव्हा कराराने वापर निषिद्ध केला, उत्पादन व साठे नव्हेत. इटलीने तो १९२८ मध्ये स्वीकारला आणि १९३५-३६ मध्ये अबिसीनियात, संरक्षणाची साधने नसलेल्या लोकांवर, विमानांतून मस्टर्ड ओतला. उत्पादनावरही बंदी घालून कारखान्यांच्या तपासणीची तरतूद करणारा करार स्वाक्षरीसाठी खुला व्हायला १९९३ साल उजाडले.