'नॅचरल' म्हणजे गोरा नव्हे

'यातला सर्वात नॅचरल कोणता?' असा प्रश्न आपल्या घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. या निकालावर माझा आक्षेप आहे. आपण 'नॅचरल' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या मनात 'गोरा' असते, फक्त तसे म्हणायची लाज वाटते.

आमच्याच कुटुंबातले उदाहरण घेतो. भाचीच्या स्थळासाठी फोटो पाठवायचा होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास व्हरांड्यात, सावलीत काढलेला. अंगावर पांढरी सुती ओढणी, हातावर ताजी मेंदी, मागे सागवानी दरवाजा. फोटो एकच, पण ग्रुपवर त्याच्या चार प्रती आल्या. पहिली फोनमधून निघाली तशी. दुसरीत किंचित ऊब वाढवलेली. तिसरीत उजेड चढवून चेहरा मऊ केलेला. चौथीत काळे-पांढरे ठसठशीत केलेले. खालाजान, भाभी, मामू सगळ्यांनी एकमुखाने तिसरी निवडली. 'अगदी नॅचरल वाटते!'

आता त्या तिसऱ्या प्रतीकडे नीट पाहा. चेहऱ्याकडे नाही, चेहऱ्यावर आपले प्रेम असते, तो नीट दिसणारच नाही. आधी ओढणी पाहा. पहिल्या प्रतीत तिची वीण आणि चुण्या दिसतात. तिसरीत खांद्यापाशी नुसता कोरा पांढरा डाग आहे. उजेड इतका चढवला की तिथला तपशीलच पुसला गेला. मग मेंदी पाहा. सावळ्या त्वचेचा रंग फोटोत नारिंगीच्या पट्ट्यात येतो. त्वचा उजळ करणारे बरेच फिल्टर तोच पट्टा उजळ करतात. मेंदी त्याच पट्ट्यातली आणि सागवानी दरवाजाही. म्हणून मेंदी आठवड्याभराची विटलेली दिसते आणि दरवाजा स्वस्तातल्या प्लायवूडचा. त्वचेबद्दल आपण वाद घालू शकतो, पण कालच लावलेल्या मेंदीबद्दल काय वाद घालणार? शेवटी जबड्याची कड पाहा. चेहरा एका रंगाचा, कान आणि मान दुसऱ्या रंगाची. हातांवरून मात्र निकाल देऊ नये. उन्हाने हात खरोखरच सावळे झालेले असू शकतात.

'मग मूळ फोटोच नॅचरल,' असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. सावलीत थेट ऊन नसते, निळ्या आकाशाचा उजेड असतो. तो निळेपणा आपला डोळा आपोआप वजा करतो. कॅमेऱ्याला ते दर वेळी साधत नाही. म्हणून पहिल्या प्रतीत ओढणी निळसर आहे आणि चेहरा आजारी वाटतो. दुसऱ्या प्रतीतली ऊब तेवढाच निळेपणा काढते: ओढणी पांढरी होते, वीण शाबूत राहते, मेंदी लालसर आणि त्वचा तिच्या रंगाची. चौथीत केसांभोवती पांढरी झालर उठली आहे, म्हणजे तीही बाद. चौघींत नैसर्गिक दुसरीच, आणि तिला एकही मत नव्हते.

असे का होते? चार चित्रे पाठोपाठ पाहिली की जास्त उजळ असलेले पहिल्या नजरेत 'चांगले' वाटते, आणि दोन मिनिटांत डोळा त्यालाच सरावतो. म्हणून प्रत्येक प्रत वेगळी पाहावी, मध्ये थोडा वेळ नजर दुसरीकडे न्यावी. फोनचा रात्रीचा पिवळा प्रकाश बंद असावा. आणि जमत असेल तर त्या माणसाला त्याच सावलीत समोर बसवून पाहावे. आमच्या निवडीत भाचीला कोणी विचारलेही नव्हते!

पण दोष एकट्या डोळ्याचा नाही. कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना जी कार्डे देई, त्यांवर अनेक वर्षे गोरी बाईच असे. तिची त्वचा बरोबर आली की फोटो बरोबर. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड यायला १९९० चे दशक उजाडले. ती कार्डे आता गेली, पण तो मापदंड आपण घरात जपून ठेवला आहे.

'स्थळासाठी थोडे चालते,' असे भाभी म्हणाल्या. भाभी, चालत नाही. मुलाकडचे घरी येतील आणि फोटोतली मुलगी शोधतील. फिल्टर लावणारा तेव्हा तिथे नसेल. त्या नजरेसमोर चहाचा ट्रे घेऊन ती एकटी उभी असेल. तिच्या रंगात काही खोट नाही, हे आपण तिला तोंडाने सांगतो आणि तिसरी प्रत पाठवून ते खोडून काढतो. पाठवायची असेल तर दुसरी पाठवा. ती पाहून जे नको म्हणतील, त्यांनी यायचीही गरज नाही.