दोन रुपयांची पुडी आणि एक डोळा

मागच्या आठवड्यात आपल्या तालुक्यातला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर तंबाखू मळत होता. चुन्याच्या पुडीचं भोक सुकलेल्या चुन्याने बुजलेलं. त्याने जोरात दाबली, पुडी फुटली आणि चुना थेट उजव्या डोळ्यात. गड्याने रुमालाने पुसलं आणि दवाखान्यात पोचायला दीड तास लावला. बुबुळावरचा पडदा पांढरा पडलाय.

पुडी मी हातात घेऊन पाहिली. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, सूचनेची एक ओळ नाही.

यावर टपरीवर ऐकलं, "चुना भाजतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यात काय लिहायचं?" हीच पळवाट ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८७ मध्येही आहे. जो धोका उघड आहे, सगळ्यांना माहीत आहे, त्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादक जबाबदार नाही.

पण माहीत काय आहे? चुना जास्त झाला तर तोंड येतं, एवढंच. भोक बुजलेली पुडी दाबली की ती तोंडासमोर फुटते, हे किती जणांना ठाऊक आहे? चुना डोळ्याच्या आत झिरपत जातो, त्याचे कण पापणीखाली अडकून तासन् तास जाळत राहतात, हे कोणी सांगितलंय? हा धोका नुसत्या चुन्याचा नाही, दाबून वापरायच्या पुडीचा आहे. आणि दाबणं म्हणजे गैरवापर नव्हे, पुडी वापरायची रीतच ती आहे.

म्हणून इथे कलम ८४ लागतं, असं माझं ठाम मत आहे. इजा टाळण्यासाठी वापराच्या पुरेशा सूचना नसतील तर उत्पादक जबाबदार. उत्पादक कोण हेच कळत नसेल तर कलम ८६ प्रमाणे विकणाऱ्यावर जबाबदारी येते. टपरीवाल्यांनो, बिननावाचा माल ठेवताना हे लक्षात असू द्या.

पुडीवर दोनच ओळी हव्या होत्या: "तोंडासमोर दाबू नका, मुलांपासून लांब ठेवा. डोळ्यात गेल्यास चोळू नका, लगेच स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास धुवा आणि दवाखाना गाठा." त्याने तिथल्या तिथे कॅनचं पाणी डोळ्यावर ओतलं असतं तर नुकसान नक्कीच कमी झालं असतं. छपाईचे चार पैसे वाचवले, किंमत दुसऱ्याच्या डोळ्याने मोजली.

अशी वेळ कुणावर आली तर फुटलेली पुडी फेकू नका. ती, दवाखान्याचे कागद आणि विकत घेताना सोबत असलेला माणूस, हाच तुमचा पुरावा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. फी वस्तूच्या किमतीवर ठरते, त्यामुळे दोन रुपयांच्या पुडीसाठी ती शून्य आहे.

आज टपरीवर गेलात तर पुडी उलटसुलट करून वाचा. काय लिहिलंय, ते कमेंटमध्ये सांगा.