जॅम, केचप आणि पीनट बटर: तीन बरण्या, पण लेबलवर बघायचं तीन वेगळ्या ठिकाणी

औंढा नागनाथला मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक किराणा दुकान. शाळा सुरू झाल्यामुळे जॅमच्या बरण्या पुढच्या फळीवर आल्यात. "काका, लेकराच्या डब्याला द्यायचंय, चांगलं कोणतं?" एक ताई विचारतात. "हे जास्त खपतं," म्हणून दुकानदार एक बरणी पुढे करतात. बरणीवर मोठ्ठी स्ट्रॉबेरी आहे. मागची बाजू कुणीच बघत नाही. बघितली तरी अक्षर बारीक आणि सगळं इंग्रजीत. नियमानुसार लेबल इंग्रजी किंवा हिंदीत असलं की पुरतं, मराठी सक्तीची नाही.

हाच मुद्दा सध्या देशपातळीवरही गाजतोय. साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅटची माहिती ठळक, मोठ्या अक्षरात छापायच्या प्रस्तावाला एफएसएसएआयने जुलै 2024 मध्ये मान्यता दिली. पाकिटाच्या समोरच्या बाजूलाच इशारा छापा, या मागणीवर सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2025 मध्ये तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं आणि नंतर ती मुदत वाढवून दिली. पण आज दुकानात उभ्या असलेल्या माणसाला बरणी उलटी करण्यावाचून पर्याय नाही.

उलटी केल्यावर बघायचं काय? "साखर कमी, तेल कमी, प्रिझर्व्हेटिव्ह नको" हा एकच नियम तिन्ही बरण्यांना लावला तर फसायला होतं. जॅमपासून सुरुवात करू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

जॅममध्ये साखर इतकी का असते?

कारण नियमच तसा आहे. आपल्याकडे 'जॅम' म्हणून विकायचं तर त्यात किमान 45 टक्के फळ लागतं (स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला 25 टक्के चालतं) आणि विरघळलेला घन भाग किमान 65 टक्के लागतो. आता हिशोब करा. फळात बहुतेक पाणीच असतं. 45 ग्रॅम फळातून घन भाग मिळतो साधारण 5 ते 7 ग्रॅम. मग 65 चा आकडा गाठायला उरलेले जवळपास 60 ग्रॅम कुठून येणार? साखरेतून. फळातलं पाणी शिजवताना उडून जातं, साखर मात्र बरणीतच राहते. म्हणून "45 टक्के फळ" लिहिलेल्या बरणीच्या घटकांच्या यादीतही पहिलं नाव बहुतेक वेळा साखरेचंच असतं. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे जे सर्वात जास्त ते सर्वात आधी.

आता हे डब्यात आणू. एक मोठा चमचा जॅम म्हणजे साधारण 20 ग्रॅम, त्यात वरून घातलेली साखर 12 ग्रॅम. दोन चपात्यांना एकेक चमचा लावला की झाली 24 ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात अशी साखर साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, असं आयसीएमआर-एनआयएनच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे पोराचा डबा उघडला आणि मोठ्यांचाही दिवसाचा कोटा संपला.

त्यामुळे दोन जॅममध्ये साखरेची तुलना करून फार काही हाती लागत नाही. तुलना करायची ती फळाची: किती टक्के आणि कोणतं. 'मिक्स्ड फ्रूट'च्या बरणीवर चित्र सगळ्या फळांचं असतं, पण मागच्या यादीत आधी कोणत्या फळाचा गर येतो ते वाचा. साखर खरंच कमी हवी असेल तर 'फ्रूट स्प्रेड' नावाने मिळणारी बरणी बघा. जॅमच्या व्याख्येत बसत नाहीत म्हणून असे पदार्थ वेगळ्या नावाने विकले जातात.

पण एक मेख आहे. जॅमला टिकवते ती साखरच. ती कमी केली की बुरशी लवकर येते. मग कंपनीला प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं किंवा "उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, लवकर संपवा" असं लिहावं लागतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात, घरी फ्रिज नसताना, ती ओळ दुर्लक्ष करण्यासारखी नाही. कमी साखर आणि कमी प्रिझर्व्हेटिव्ह दोन्ही हवं असेल तर बरणी छोटी घ्या.

'क्लास टू' म्हणजे काय?

आपल्या नियमांत प्रिझर्व्हेटिव्हचे दोन वर्ग आहेत. मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले हे क्लास वन. बेंझोएट, सॉर्बेट, सल्फाइट हे क्लास टू, आणि यांना प्रमाणाची मर्यादा असते. केचपवर बहुतेकदा आयएनएस 211 दिसतो, तो सोडियम बेंझोएट. 202 म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट. आकडा दिसला म्हणजे विष, असं नाही. 260 हा आकडासुद्धा भीतीदायक वाटतो, पण ते ॲसिटिक ॲसिड आहे, व्हिनेगर आंबट होतं ते त्यामुळेच.

केचपमध्ये माझ्या मते आकड्यांपेक्षा टोमॅटो किती हे आधी बघावं. "टोमॅटो पेस्ट" पुढे टक्केवारी असते, ती जास्त तितकं बरं. मग 'ॲडेड शुगर्स' आणि 'सोडियम'च्या ओळी. 100 ग्रॅमला 22 ग्रॅम साखर असेल, तर 15 ग्रॅमच्या चमच्यात 3 ग्रॅमच्या आसपास येते. एक चमचा खाणाऱ्याला फरक पडत नाही. समोशाबरोबर अर्धी वाटी संपवणाऱ्याला पडतो. आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत भज्यांवर ओततात त्या लाल सॉसच्या कॅनवर 'टोमॅटो' हा शब्द तरी आहे का, तेही एकदा बघा. नुसतं 'सॉस' असेल तर यादीत पाणी, साखर, स्टार्च आणि रंग असू शकतात.

पीनट बटरमध्ये उलट

इथे 'टोटल फॅट' बघून घाबरू नका. शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळपास तेलच असतं, त्यामुळे चांगल्या बरणीवरही 100 ग्रॅमला 45 ते 50 ग्रॅम फॅट दिसणारच. बघायचं 'सॅच्युरेटेड फॅट'. नुसत्या शेंगदाण्याचं असेल तर ते साधारण 7-8 ग्रॅम असतं. पाम तेल निम्मं सॅच्युरेटेड असल्याने ते भरपूर घातलं की हा आकडा चढतो. तेल वर येऊ नये म्हणून दोन-तीन टक्के घातलं असेल तर तो मोठा गुन्हा नाही. वर तेलाचा थर दिसला म्हणून बरणी परत करू नका, ढवळा. उलट ती वरून काही न घातल्याची खूण असू शकते.

साखरेचंही तसंच. शेंगदाण्यात स्वतःची साखर 4-5 ग्रॅम असतेच. म्हणून 'टोटल शुगर्स' 5 आणि 'ॲडेड शुगर्स' 0 हे बरोबर आहे. टोटल 18 आणि ॲडेड 13 असेल, तर ते गोड केलेलं आहे. 'गुळाचं' लिहिलेलं असलं तरी हिशोब साखरेचाच.

तसं बघितलं तर आपला शेंगदाण्याचा कूट म्हणजे अर्ध्यावर थांबवलेलं पीनट बटर. भाजून, सालं काढून, मिक्सर थांबत-थांबत काही मिनिटं जास्त फिरवला की कुटाचा गोळा होतो आणि मग तेल सुटून तो मऊ होतो. खवट किंवा बुरशीचे दाणे तेवढे आधी वेचून काढा.

आता त्या दुकानातली शेवटची अडचण. तिथे बरण्यांपेक्षा जास्त खपतात ती छोटी पाकिटं. 100 चौरस सेंटीमीटरपेक्षा लहान पाकिटावर पोषणमूल्यांचा तक्ता छापायची सक्ती नाही, तो ती पाकिटं ज्यातून येतात त्या मोठ्या खोक्यावर असतो. आणि ते खोकं दुकानदाराच्या मागे असतं. मागून घ्या, वाचा, परत द्या.