भाकऱ्या मोजल्या, पीठ राहिले

मधुमेहाच्या रुग्णाने आहाराच्या वहीत ‘चार भाकरी’ लिहिले की हिशेब झाला, असे नाही. बुलढाणा जिल्ह्यात ज्वारीच्या भाकरीचा आकार घरोघरी बदलतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ किलोकॅलरी आणि ६८ ग्रॅम कर्बोदके दिली आहेत. पण ती कोरड्या धान्याची. भाकरीत पाणीही असते. तिच्या वजनाला हेच आकडे लावले, तर हिशेब फुगतो.

उलटी चूक अधिक छळते. समजा, आहारतज्ज्ञाने एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरले आणि घरी ९० ग्रॅम लागते. चार भाकऱ्यांमागे १२० ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे ४०० किलोकॅलरी आणि ८० ग्रॅम कर्बोदके वहीतून गळतात. वहीत जेवण कमी, वजन मात्र घटत नाही. मग संशय रुग्णावर! त्याआधी पिठाचा डबा स्वयंपाकापूर्वी आणि नंतर तोलावा, फरकाला भाकऱ्यांच्या संख्येने भागावे. परातीत भुरभुरलेले पीठही त्यात आपसूक धरले जाते. झुणक्याचे बेसन आणि तेल असेच मोजता येते. पण कढईतला वाटा कुणी किती घेतला, यासाठी रुग्णाची रोजची वाटी एकदा भरून तोलावी लागते.