अटकेनंतरच्या वैद्यकीय अहवालाची प्रत मागा

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. तरीही पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश उच्च न्यायालयाकडून मिळायला जुलै २०२५ उजाडला. अशा प्रत्येक प्रकरणात एकच वाद असतो: जखम अटकेआधीची की कोठडीतली?

याचे उत्तर कागदावर राहावे, अशी कायद्यात सोय आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटकेनंतर लगेच डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे. अंगावर जखमा किंवा मारहाणीच्या खुणा असतील, तर त्या आणि त्या अंदाजे कधी झाल्या हे डॉक्टरांनी लिहायचे असते. त्याची प्रत अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या व्यक्तीला मिळते. डी. के. बसू निकालानुसार कोठडीत दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी होते.

समजा, सोमवारच्या अहवालात अंगावर खूण नाही आणि बुधवारच्या अहवालात पाठीवर वळ आहेत. मग ते वळ कुठे उठले, याचे उत्तर पोलिसांना द्यावे लागते.

अडचण अशी की, पोलीस शेजारी उभे असताना मार खाल्लेला माणूस गप्प राहतो. म्हणून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केल्यावर मारहाण स्वतः सांगावी, वकिलाने ती नोंदवून घ्यावी आणि कुटुंबाने त्याच दिवशी अहवालाची प्रत मागावी.