वाघ झाडावर काय लिहून ठेवतो?

चंद्रपूर-गडचिरोलीकडचे आमचे कितीतरी वाचक उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. वाटेच्या झाडावर वाघाच्या नखांचे उभे, लांब ओरखडे त्यांच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. वाघ नखांना धार लावतो, एवढेच आपण ऐकलेले असते. ते खोटे नाही. ओरबाडताना नखावरचे जुने टरफल सुटते आणि आतले धारदार नख मोकळे होते. पण त्याच्या पंजाच्या बोटांमध्ये गंधग्रंथी असतात. साल फाडताना त्यांचा वासही झाडाला लागतो. म्हणजे दुरून येणाऱ्याला ओरखडा दिसतो आणि जवळ आल्यावर वासही लागतो.

खरा मजकूर मात्र फवाऱ्यात असतो. वाघ झाडाकडे पाठ करतो, शेपटी वर उचलतो आणि मागच्या बाजूने वर तिरका फवारा मारतो. ही साधी लघवी नव्हे, तिच्यात चरबीचे अंश मिसळलेले असतात. चरबीमुळे वास धरून राहतो आणि हळूहळू सुटतो. नेपाळच्या चितवन जंगलात स्मिथ, मॅकडूगल आणि मिकेल या अभ्यासकांनी वाघांच्या या खुणांचा कसून अभ्यास केला आणि 1989 साली तो प्रसिद्ध केला. वाघ कलते झाड पसंत करतात आणि त्याच्या खालच्या अंगाला फवारा मारतात, हे त्यांनी नोंदवले. तिथे पावसाचे पाणी थेट लागत नाही, म्हणून खूण टिकते. शाळेत न गेलेल्या जनावराची ही हुशारी आम्हांला तरी थक्क करते!

आता ही खूण वाचणारा कोण? मुख्यतः दुसरा वाघ. तो बुंधा हुंगतो, मग ओठ वर ओढून, नाक आकसून, जीभ थोडी बाहेर काढून क्षणभर तसाच थांबतो. पाहणाऱ्याला वाटते, घाण वासाने तोंड वाकडे केले. खरे तर त्याच्या टाळूत वास ओळखणारे एक वेगळे इंद्रिय आहे, तिथपर्यंत तो वास पोहोचवत असतो. खूण नराची की मादीची, ओळखीच्याची की परक्याची, ताजी की जुनी, हे त्याला त्यातून उमगते.

चितवनची एक वाघीण साधारण 20 चौरस किलोमीटर जंगल सांभाळते. शेजारणीची हद्द जिथे लागते तिथे ती जास्त खुणा करते. नव्याने जागा मिळवलेला वाघ तर फारच खुणा करतो, कारण त्याला अजून कोणी ओळखत नाही. वाघीण माजावर येण्याआधी तिच्या फवाऱ्यांची संख्या वाढते आणि नराला बातमी लागते. प्रत्यक्ष माजावर आल्यावर फवारे कमी होतात. मग ती डरकाळ्या फोडून त्याला बोलावते.

या सगळ्यात पोटाचा प्रश्न आहे. दोन वाघ भिडले तर जिंकणाराही जखमी होतो, आणि पाय अधू झालेल्या वाघाला शिकार साधत नाही. तेव्हा खूण वाचून बाजूला होणे दोघांनाही परवडते. पण खूण म्हणजे कुंपण नव्हे. धनी मेला की नवे फवारे पडत नाहीत, जुन्यांचा वास विरत जातो आणि शेजारी हळूहळू आत सरकतो. म्हणून धन्याला हद्दीवर पुन्हा पुन्हा फेरी मारावीच लागते.

गीरच्या सिंहांचेही असेच, पण ते कळपाने राहतात. नर झुडपांवर फवारे मारतो, मागच्या पायांनी जमीन खरवडतो, आणि शिवाय गर्जना करतो. गर्जना लांबवर पोहोचते, पण ती थांबली की संपली. झाडावरचा वास धनी निघून गेल्यावरही बोलत राहतो.

हा वास माणसालाही येतो, आणि तो चक्क शिजलेल्या बासमती भातासारखा असतो! आपले शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बासमतीला सुगंध देणारा पदार्थच वाघाच्या फवाऱ्यात आहे. मोहाच्या फुलांतही तो सापडतो. तेव्हा मोह गळण्याच्या दिवसांत नुसत्या नाकावर भरवसा ठेवू नये, बुंधा ओला आहे का तेही पाहावे. ओरखड्यांतही गफलत होते. अस्वल मधासाठी झाडावर चढते, त्याच्या नखांच्या खुणा खोडावर उंचापर्यंत गेलेल्या असतात. वाघाचे ओरखडे उभे, वरून खाली ओढलेले आणि त्याचे पंजे पोहोचतील तेवढ्याच उंचीवर असतात. साल आतून ओलसर आणि पांढरट-तांबूस दिसली तर खूण ताजी, काळपट पडली असेल तर जुनी.

पण ताज्या खुणेवरून वाघ इथून नुकताच गेला एवढेच समजते. आता तो कुठल्या झुडपाआड बसला आहे, हे झाड सांगत नाही. अशा वेळी आयाबहिणींनी एकटीने पुढे जाऊ नये. आवाज करत, घोळक्याने मागे फिरावे आणि त्या दिवशी दुसऱ्या बाजूची फुले वेचावीत.